त्रुटी कळवली, आता किती दिवस थांबायचं? ९० दिवसांच्या मुदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, ती बनवणाऱ्यांना कळवली, इथपर्यंत बहुतेकांना वाट माहीत असते. त्यापुढे नेमकं किती थांबायचं, तारीख कधी पुढे ढकलायची आणि कधी नाही, याबद्दलचे प्रश्न मात्र सतत येत राहतात. त्यातले जास्तीत जास्त वेळा आलेले प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. उदाहरणं बरीचशी गूगलच्या, सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणाऱ्या प्रोजेक्ट झीरो या गटाच्या नियमांतली आहेत. त्यांचे नियम लिखित आहेत, आणि प्रत्येक बदल कोणत्या अडचणीतून झाला हे उघडपणे पाहता येतं, म्हणून ते शिकायला सोयीचे पडतात.

१. मुदत देऊन त्रुटी जाहीर करणं म्हणजे नेमकं काय?

त्रुटी शोधणारा ती आधी फक्त उत्पादकाला कळवतो आणि त्याच मेलमध्ये एक तारीख सांगतो. त्या तारखेपर्यंत तपशील गुप्त राहतात. तारीख उलटली की पॅच आलेला असो वा नसो, तपशील जाहीर होतात.

यातला "पॅच आलेला नसला तरी" हा भाग काढून टाकला तर मागे फक्त विनंती उरते. विनंतीला कामाच्या यादीत कुठली जागा मिळते हे ज्यांनी मोठ्या कंपनीत काम केलं आहे त्यांना ठाऊक असतं: सगळ्यात खालची. दुसरीकडे, काहीही न कळवता पहिल्याच दिवशी सगळं प्रसिद्ध केलं, तर वापरणाऱ्यांच्या हाती पॅच नसताना हल्लेखोरांच्या हाती कृती पडते. ठरावीक मुदत या दोन टोकांच्या मध्ये आहे. उत्पादकाला कामासाठी वेळ मिळतो, पण तो वेळ अमर्याद नसतो.

२. ९०च दिवस का? ६० किंवा १८० का नाहीत?

९० या आकड्यामागे कुठला सिद्धांत नाही. वेगवेगळ्या संस्था वेगवेगळे आकडे पाळतात. संशोधक आणि उत्पादक यांच्यात दुवा म्हणून काम करणारं कार्नेगी मेलन विद्यापीठातलं सर्ट समन्वय केंद्र ४५ दिवस देतं, संशोधकांकडून त्रुटी विकत घेऊन उत्पादकाला कळवणारं झीरो डे इनिशिएटिव्ह १२० दिवस देतं, आणि प्रोजेक्ट झीरो २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून ९० दिवस देत आलं आहे. लिनक्स वितरणांच्या सुरक्षा गटांची जी बंद यादी आहे, तिथे तर १४ दिवसांपेक्षा जास्त गुप्तता चालत नाही.

आकडे इतके वेगळे असण्याचं कारण त्या दिवसांत काय करायचं असतं यात आहे. त्रुटी पुन्हा घडवून पाहायची, मूळ कारण शोधायचं, तीच चूक कोडमध्ये आणखी कुठे आहे का ते तपासायचं, दुरुस्ती लिहायची, ती सगळ्या जुन्या चालू आवृत्त्यांमध्ये बसवायची, आणि दुसरं काही मोडलं नाही ना हे तपासायचं. लहान लायब्ररीत हे आठवड्यात होतं. महिन्यातून एकदाच पॅच सोडणाऱ्या मोठ्या उत्पादनात मात्र एक फेरी चुकली की चार-पाच आठवडे जातात. ९० दिवसांत अशा साधारण तीन फेऱ्या बसतात, म्हणजे एक हुकली तरी दुसरी हाताशी असते. माझ्या मते हा आकडा इतका पसरला तो याच हिशेबामुळे.

३. दिवस कधीपासून मोजायचे? मी मेल पाठवला तेव्हापासून की त्यांनी उत्तर दिलं तेव्हापासून?

तुम्ही पूर्ण अहवाल योग्य पत्त्यावर पाठवला त्या दिवसापासून. उत्तर आल्यापासून मोजायचं ठरवलं तर जो उत्पादक जास्त गप्प बसेल त्याला जास्त मुदत मिळेल.

पाठवल्याचा दिवस शून्य धरा. समजा अहवाल ३ मार्च २०२५ ला गेला. मार्चचे २८, एप्रिलचे ३०, मेचे ३१ मिळून ८९ होतात, म्हणून नव्वदावा दिवस १ जून. बोटांवर मोजण्यापेक्षा हे बरं:

```
date -d "2025-03-03 +90 days" +%F
```

उत्तर येतं 2025-06-01. हा दिवस रविवार आहे. मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल तर ती पुढच्या कामाच्या दिवशी न्यायची, असा नियम प्रोजेक्ट झीरोनं २०१५ मध्ये घातला, आणि तो सगळ्यांनीच घ्यावा असा आहे. रविवारी तपशील बाहेर आले तर ते वाचून सर्व्हर सांभाळायला कुणीच जागेवर नसतं. तारीख लिहिताना कोणत्या वेळक्षेत्रातली तेही लिहा. उत्पादक जगाच्या दुसऱ्या टोकाला असला तर एका दिवसाचा घोळ सहज होतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे पाळायला हवा. तुमच्या अहवालात अत्यावश्यक माहिती राहून गेली होती आणि तिच्याविना त्रुटी घडवून पाहणं शक्यच नव्हतं, तर घड्याळ ती माहिती दिल्यापासून सुरू करा. पण सगळं व्यवस्थित लिहिलेलं असताना "व्हिडिओही पाठवा" एवढ्यासाठी घड्याळ मागे फिरत नाही.

४. पहिल्याच मेलमध्ये तारीख लिहिली तर ती धमकी वाटणार नाही का?

उलट, तारीख नंतर सांगितली तर ती धमकी वाटते. साठाव्या दिवशी, चार मेलांना उत्तर न मिळाल्यावर वैतागून लिहिलेली तारीख कंपनीच्या दृष्टीनं रागाच्या भरात आलेली असते. पहिल्या दिवशी, कुणाचीच काही चूक झालेली नसताना सांगितलेली तारीख ही तुमची नेहमीची पद्धत ठरते.

मजकूर साधा ठेवा. उदाहरणार्थ: "हा अहवाल मी ९० दिवसांच्या मुदतीवर देत आहे. २ जून २०२५ नंतर, किंवा पॅच सर्वांना उपलब्ध झाल्यानंतर ३० दिवसांनी, मी तांत्रिक तपशील प्रसिद्ध करेन. पॅचची तारीख मुदतीनंतर १४ दिवसांच्या आत असेल तर मला कळवा, मी तेवढं थांबेन." पैशाचा उल्लेख या मेलमध्ये कुठेही नको. त्रुटी कळवल्याबद्दलचं बक्षीस आणि मुदत एका परिच्छेदात आली की वाचणाऱ्याला ती खंडणी वाटू शकते, आणि मग मेल सुरक्षा विभागाऐवजी कायदा विभागाकडे जातो.

यातल्या ३० आणि १४ या आकड्यांचा खुलासा प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहे.

५. कंपनी उत्तरच देत नाही. आता?

आधी पत्ता बरोबर होता का ते बघा. साइटवर `/.well-known/security.txt` ही फाइल आहे का पाहा. २०२२ मध्ये RFC 9116 नं तिचं स्वरूप ठरवून दिलं आहे. `Contact` या ओळीत पत्ता असतो आणि `Expires` या ओळीत ती माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे ते असतं. फाइल नसेल तर ग्राहक सेवेला लिहा, पण त्रुटीचा तपशील तिथे देऊ नका. फक्त "सुरक्षा विभागाशी कुठे बोलू?" एवढंच विचारा. ग्राहक सेवेची तक्रार किती लोक वाचतात हे तुम्हाला कळणार नसतं.

दोन-तीन आठवडे असे प्रयत्न करूनही शांतताच असेल तर सर्ट समन्वय केंद्राकडे किंवा देशाच्या सर्टकडे, म्हणजे संगणक सुरक्षेसाठीच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे जा. त्यांच्याकडे अनेकदा अशा माणसांचे पत्ते असतात जे तुम्हाला मिळणार नाहीत. फक्त ८५व्या दिवशी जाऊ नका. सर्ट समन्वय केंद्राचे ४५ दिवस ते स्वतः उत्पादकाशी पहिल्यांदा संपर्काचा प्रयत्न करतात तेव्हापासून मोजले जातात. म्हणून ४०व्या दिवसाच्या आसपास गेलात तर दोन्ही घड्याळं जवळजवळ एकाच वेळी संपतात. प्रत्येक प्रयत्नाची तारीख लिहून ठेवा, ती शेवटी अहवालात छापायची असते.

६. पॅच तयार आहे, पण माझ्या मुदतीनंतर दोन दिवसांनी येणार आहे. कंपनी थांबायला सांगते. थांबावं का?

थांबावं, पण ते मुदत जाहीर करतानाच सांगितलेल्या नियमाच्या आधारे. हा प्रश्न एकदा जगासमोर अगदी याच रूपात आला होता, आणि त्या प्रसंगाच्या तारखा नीट बघितल्या तर उत्तर आपोआप दिसतं.

१३ ऑक्टोबर २०१४ ला प्रोजेक्ट झीरोनं मायक्रोसॉफ्टला विंडोज ८.१ मधली एक त्रुटी कळवली. वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा त्याची प्रोफाइल तयार करणाऱ्या सेवेत ती होती, आणि तिच्या आधारे साधा वापरकर्ता स्वतःचे अधिकार वाढवू शकत होता. नव्वदावा दिवस होता ११ जानेवारी २०१५. मायक्रोसॉफ्टनं आधी कळवलं की दुरुस्ती फेब्रुवारीत येईल, मुदतीची अडचण होईल का? उत्तर गेलं की मुदत सगळ्या कंपन्यांना आणि सगळ्या त्रुटींना सारखीच आहे, ती वाढणार नाही. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती जानेवारीत आणण्याचं ठरवलं. मुदतीचा खरा उपयोग इथे दिसतो. एका ठाम उत्तरानं पॅच एक महिना अलीकडे आला.

पण मायक्रोसॉफ्टची जानेवारीची पॅच फेरी होती मंगळवारी, १३ तारखेला. मुदत संपत होती रविवारी, ११ तारखेला. प्रोजेक्ट झीरोची यंत्रणा आपोआप चालायची, आणि तपशील रविवारी उघडे झाले. दोन दिवस जगभरातले विंडोज ८.१ वापरणारे पॅचशिवाय होते, तेही पॅच तयार असताना. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागानं जाहीरपणे नाराजी मांडली. ठरल्याप्रमाणे मंगळवारी `MS15-003` हा पॅच आला.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. मायक्रोसॉफ्टनं लवकर दुरुस्ती आणली ती मुदत हलत नव्हती म्हणूनच. त्याच वेळी, त्या शेवटच्या दोन दिवसांनी कुणाचंही भलं झालं नाही. दबावाचं काम तोवर पूर्ण झालेलं होतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रोजेक्ट झीरोनं नियम बदलले. मुदत संपण्याआधी उत्पादकानं कळवलं की पॅच पुढच्या १४ दिवसांतल्या अमुक दिवशी येतो आहे, तर त्या दिवसापर्यंत थांबायचं. सुटीच्या दिवशी काही प्रसिद्ध करायचं नाही. हेच नियम वरच्या प्रसंगाला लावून बघा. रविवार म्हणून ११ तारीख बाद झाली असती, आणि १३ तारीख १४ दिवसांच्या आत असल्यामुळे पॅच आधी आला असता, तपशील नंतर. फेब्रुवारीत येणारा पॅच मात्र या सवलतीतही बसला नसता: फेब्रुवारीचा पॅच मंगळवार होता १० तारखेला, म्हणजे मुदतीनंतर ३० दिवसांनी. सवलत इतकी लहान ठेवण्याचं कारण हेच. तयार झालेल्या पॅचसाठी ती पुरते, न झालेल्या कामासाठी पुरत नाही.

कंपनी थांबायला सांगते तेव्हा म्हणून एकच गोष्ट विचारा: पॅच कोणत्या तारखेला येणार? तारीख मिळाली तर विचार करता येतो. "लवकरच" किंवा "पुढच्या तिमाहीत" ही तारीख नव्हे.

७. पॅच ४०व्या दिवशीच आला. आता लगेच सगळं लिहू का, की ९० दिवस होईपर्यंत थांबू?

पॅच आला म्हणजे गुपित अर्धं फुटलं असं समजा. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधणं हे हल्लेखोरांचं नेहमीचं काम आहे. मुक्त स्रोत प्रकल्पात तर तेवढेही कष्ट नाहीत, बदल कोडच्या इतिहासातच दिसतो. त्यामुळे "त्रुटी आहे, पॅच लावा" हे लगेच सांगायला हवं. प्रश्न उरतो तो पूर्ण तांत्रिक लेखाचा आणि त्रुटी प्रत्यक्ष वापरून दाखवणाऱ्या नमुना कोडचा.

प्रोजेक्ट झीरोनं इथे दोनदा वाट बदलली. सुरुवातीला पॅच आला की थोड्याच दिवसांत तपशील येत. २०२० मध्ये त्यांनी ठरवलं की पॅच कधीही आला तरी तपशील ९०व्या दिवशीच येतील. यात ८९व्या दिवशी पॅच देणाऱ्याच्या ग्राहकांना अपडेट लावायला एकच दिवस मिळायचा. २०२१ पासूनचा नियम असा: पॅच ९० दिवसांच्या आत आला तर तपशील पॅचनंतर ३० दिवसांनी. तुमच्या उदाहरणात म्हणजे ७०व्या दिवशी. उत्पादकानं १४ दिवसांची सवलत घेतली तर ती या ३० दिवसांतूनच वजा होते, म्हणजे एकूण मर्यादा १२० दिवसांच्या पुढे जात नाही.

मला हा नियम सगळ्यांत चांगला वाटतो, कारण यात पॅच लिहिण्याचा वेळ आणि पॅच लावण्याचा वेळ वेगळे मोजले आहेत. दुरुस्ती प्रसिद्ध होणं आणि ती लोकांच्या यंत्रांपर्यंत पोहोचणं यांत बरंच अंतर असतं.

८. पॅच आला, पण तो अर्धवट आहे. थोडा बदल करून हल्ला पुन्हा चालतो. मुदत नव्यानं सुरू होते का?

आधी ठरवा की ही तीच त्रुटी आहे की तिच्या शेजारची दुसरी. मूळ अहवालातली कृती किंचित बदलून चालत असेल, तर मूळ कारण दुरुस्तच झालेलं नाही. कारण दुरुस्त झालं आहे पण त्याच धर्तीची चूक दुसऱ्या फंक्शनमध्ये सापडली, तर तो नवा अहवाल आणि त्याला नवी मुदत.

अर्धवट पॅचच्या बाबतीत पूर्ण ९० दिवस पुन्हा देणं मला पटत नाही. पहिल्या पॅचनं हल्लेखोरांना जागा दाखवून दिलेली असते, आणि पॅच लावलेले लोक आपण सुरक्षित आहोत असं समजून चाललेले असतात. झीरो डे इनिशिएटिव्हनं २०२२ मध्ये अशा पॅचसाठी वेगळ्या, लहान मुदती ठेवल्या. त्रुटी अतिगंभीर असेल, पॅच सहज चुकवता येत असेल आणि हल्ल्यांची शक्यता असेल तर ३० दिवस. त्रुटी गंभीर असेल पण पॅच थोडंफार संरक्षण देत असेल तर ६०, आणि उरलेल्यांना ९०.

अशी वेळ टाळण्याचा एक मार्ग आहे. पॅच बाहेर सोडण्याआधी मला तपासायला द्या, असं पहिल्याच मेलमध्ये सुचवा. बऱ्याच कंपन्या देतात.

९. ही त्रुटी वापरून हल्ले आधीच चालू आहेत असं दिसतंय. तरीही ९० दिवस?

नाही. गुप्ततेचा सगळा युक्तिवाद हल्लेखोरांना त्रुटी माहीत नाही या गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक पडलं की गुप्ततेमुळे फक्त वापरणारेच अंधारात राहतात. अशा वेळी गूगलची मुदत ७ दिवसांची आहे, आणि त्यावर जास्तीत जास्त ३ दिवसांची सवलत. सात दिवसांत पूर्ण पॅच होईलच असं नाही, पण "हा भाग तात्पुरता बंद ठेवा" एवढा इशारा देता येतो, आणि अनेकदा तेवढ्यानं निभावतं.

"हल्ले चालू आहेत" हे अंदाजानं म्हणू नका. कुणाच्या तरी यंत्रावर सापडलेला नमुना, लॉगमधल्या नोंदी असं काहीतरी हाती हवं. ते अहवालासोबत द्या, म्हणजे सात दिवसांच्या मुदतीचं कारण कंपनीला वेगळं पटवावं लागणार नाही.

१०. एकच त्रुटी अनेक कंपन्यांच्या उत्पादनांत आहे. सगळ्यांना एकच तारीख कशी पाळायला लावायची?

हा सगळ्यात कठीण प्रकार आहे. ज्या क्षणी पहिली कंपनी पॅच सोडते, त्या क्षणी बाकीच्यांची त्रुटीही उघडी पडते (कारण प्रश्न ७ मध्ये).

२०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ प्रोटोकॉलमधल्या क्रॅक त्रुटीत हे घडलं. संशोधक माथी वानहूफ यांनी जुलैच्या मध्यात काही उत्पादकांना कळवलं, त्यात ओपनबीएसडी ही मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा प्रकल्पही होता. तेव्हा ठरलेली तारीख ऑगस्ट अखेरची होती. पुढे लक्षात आलं की चूक काही मोजक्या उत्पादनांची नाही, प्रोटोकॉलचीच आहे. सर्ट समन्वय केंद्र त्यात आलं, ऑगस्टच्या शेवटी कितीतरी आणखी कंपन्यांना कळवलं गेलं, आणि तारीख १६ ऑक्टोबरपर्यंत लांबली. ओपनबीएसडीला मात्र आधीच्या बोलण्यात, गाजावाजा न करता पॅच घालायला परवानगी मिळालेली होती. त्यांनी तो ऑगस्टमध्येच घातला. आपल्या वापरकर्त्यांना आणखी दीड महिना धोक्यात ठेवायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते समजण्यासारखं आहे. पण बदल सगळ्यांना दिसत होता. यापुढे ओपनबीएसडीला गुप्ततेच्या मुदतीच्या अगदी शेवटी कळवू, असं वानहूफ यांनी नंतर जाहीर केलं.

यातून करण्यासारखं हे: किती कंपन्यांवर परिणाम आहे ते पहिल्या मेलच्या आधी शोधा. अनेक असतील तर सुरुवातीपासूनच समन्वय केंद्राला मध्ये घ्या, आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकच तारीख द्या. लवकर पॅच सोडायची परवानगी एकाला देऊ नका.

मूळ प्रकल्पानं दुरुस्ती केली पण ती वापरणाऱ्या उत्पादनांपर्यंत पोहोचलीच नाही, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. त्यासाठी प्रोजेक्ट झीरोनं जुलै २०२५ पासून एक प्रयोग सुरू केला. कळवल्यानंतर साधारण आठवड्यात ते कंपनीचं नाव, उत्पादन, कळवल्याची तारीख आणि मुदतीची तारीख एवढंच जाहीर करतात. त्रुटी काय आहे हे सांगत नाहीत, पण त्या उत्पादनावर अवलंबून असलेल्यांना काहीतरी येतं आहे हे कळतं.

११. त्रुटी हार्डवेअरमध्ये आहे. ९० दिवसांत चिप कशी बदलणार?

बदलत नाही, आणि इथे जास्त वेळ देणं योग्यच आहे. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी प्रोजेक्ट झीरोनं १ जून २०१७ ला इंटेल, एएमडी आणि आर्मला कळवल्या. जाहीर करायची तारीख ठरली ९ जानेवारी २०१८. ९० दिवसांचा आग्रह धरणाऱ्या गटानंच सात महिन्यांहून जास्त वेळ दिला.

लांब मुदतीची किंमतही तिथेच दिसली. लिनक्स कर्नलमधले बदल उघड्यावर होत होते. कर्नलची मेमरी वेगळी ठेवण्यासाठी इतक्या घाईनं इतका मोठा बदल का चालला आहे, हा प्रश्न बाहेरच्यांना पडला, लोकांनी अंदाज बांधले, बातमी छापून आली, आणि ३ जानेवारीलाच सगळं जाहीर करावं लागलं. फ्रीबीएसडीसारख्या प्रकल्पाला तर डिसेंबरच्या अखेरीस कळलं होतं, त्यांच्या हाती जेमतेम काही दिवस आले.

गुपित जितके जास्त लोक आणि जितके जास्त दिवस सांभाळतात, तितकं ते फुटायची शक्यता वाढते. म्हणून लांब मुदत देताना पहिल्याच आठवड्यात हेही ठरवून घ्या की बातमी आधीच फुटली तर काय करायचं, कोण बोलणार, आणि तेव्हा हाती असलेला कोणता उपाय लोकांना द्यायचा.

१२. वेबसाइट किंवा क्लाउड सेवेतल्या त्रुटीला हेच नियम लागू आहेत का?

मुदत देण्याची पद्धत तीच, पण वेळ खूप कमी लागतो. दुरुस्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर होते, लोकांनी पॅच लावायचा नसतो, म्हणून ३० दिवसांच्या वाढीव काळाला इथे अर्थ नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये असंख्य वेबसाइटींची रहदारी हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमधून इतरांची माहिती गळत असल्याचं प्रोजेक्ट झीरोच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांना दिसलं. गळती काही तासांत थांबली, पण जाहीर व्हायला आठवडाभर लागला, कारण गळलेली माहिती सर्च इंजिनांच्या साठ्यात जाऊन बसली होती आणि ती आधी काढायची होती. सेवेच्या बाबतीत "दुरुस्त झालं" एवढ्यावर थांबू नका. बाहेर गेलेली माहिती कुठे पडून आहे तेही विचारा.

१३. बक्षीस योजनेत "आमच्या परवानगीशिवाय जाहीर करायचं नाही" असं लिहिलंय. आणि कंपनीनं वकिलाची नोटीस पाठवली तर?

योजनेच्या अटी स्वीकारून अहवाल दिलात तर त्या तुम्हाला बांधतात. मुदत आणि बक्षीस दोन्ही मिळतीलच असं धरून चालू नका. मुदत महत्त्वाची वाटत असेल तर योजनेऐवजी थेट सुरक्षा विभागाच्या पत्त्यावर कळवा आणि बक्षिसावर पाणी सोडा. हा निर्णय अहवाल पाठवण्याआधीच घ्यायचा असतो.

न्यायालयांची उत्तरं एकसारखी नाहीत. २००८ मध्ये एनएक्सपी कंपनी नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांना मायफेअर क्लासिक या तिच्याच चिप कार्डावरचा निबंध छापण्यापासून रोखायला न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं तिची मागणी फेटाळली. २०१३ मध्ये गाड्यांच्या चाव्यांमधल्या मेगामोस चिपवरचा निबंध मात्र फोक्सवॅगनच्या मागणीवरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं रोखला, आणि तो २०१५ मध्ये एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे संशोधकांनी उत्पादकाला आधी कळवलेलं होतं. नोटीस आली तर स्वतः उत्तर लिहू नका, वकिलाकडे जा, आणि तोवर काहीही प्रसिद्ध करू नका. प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या तारखांच्या नोंदी तिथे उपयोगी पडतात.

१४. मुदत संपली, पॅच नाही, उत्तरही नाही. आता नेमकं किती लिहायचं?

आठवडाभर आधी शेवटचा मेल पाठवा: अमुक दिवशी, अमुक वेळी मी हे प्रसिद्ध करणार आहे, मजकूर सोबत जोडला आहे. आश्चर्य वाटावं इतक्या वेळा उत्तर याच मेलला येतं. तारीख असलेलं उत्तर आलं तर प्रश्न ६ मधली सवलत द्या. पॅच नसलेल्या त्रुटीसाठी सीव्हीई क्रमांकही आधीच मागून ठेवा, म्हणजे सगळीकडे ती एकाच ओळखीनं नोंदली जाईल.

लेख सुरू करा तो वापरणाऱ्यांपासून: कोणत्या आवृत्त्यांवर परिणाम होतो, आणि पॅच येईपर्यंत स्वतःला कसं वाचवायचं. कोणतं पोर्ट बंद करायचं, कोणती सुविधा काढायची, लॉगमध्ये काय दिसलं तर सावध व्हायचं. मग त्रुटीचं कारण लिहा, इतकं की जाणकाराला ती खरी आहे हे पटेल आणि दुसऱ्या उत्पादकाला आपल्या कोडमध्ये तीच चूक शोधता येईल. चालणारा नमुना कोड द्यावा का, यावर लोकांत मतभेद आहेत. प्रोजेक्ट झीरो तो बहुधा देतं. माझं मत असं की पॅच नसेल तेव्हा त्रुटी आहे एवढं दाखवणारा, सेवा बंद पाडून थांबणारा नमुना पुरे. यंत्राचा ताबा मिळवून देणारा कोड पॅच आल्यानंतर महिनाभरानंही देता येतो.

शेवटी तारखांची ओळ द्या: कधी कळवलं, कधी आठवण केली, कधी काय उत्तर आलं. विशेषणं नकोत. "कंपनीनं बेजबाबदारपणे दुर्लक्ष केलं" हे वाक्य वादाला आमंत्रण देतं. "३ मार्च, १७ मार्च आणि १४ एप्रिलला मेल पाठवले, उत्तर आलं नाही" या वाक्याशी कुणाला वाद घालता येत नाही.